सिंग्लेट, क्वार्टेट, ट्रिप्लेट बरोबर, तरी रचना चुकते: एस्टरची दिशा कशी ठरवायची

टीवायबीएस्सी आणि एमएस्सीच्या पेपरांत स्पेक्ट्रोस्कोपीचा जो टप्प्याटप्प्यांचा प्रश्न येतो, त्यात एक चूक पुन्हा पुन्हा त्याच जागी होते. विद्यार्थी डीबीई काढतो, बरोबर. आयआरवरून एस्टर ओळखतो, बरोबर. एनएमआरमधलं स्प्लिटिंग वाचून इथाइल गट आणि मिथाइल गट वेगळे काढतो, तेही बरोबर. आणि शेवटच्या ओळीत रचना उलटी लिहितो. इथाइल ॲसिटेट हवं तिथे मिथाइल प्रोपॅनोएट, किंवा त्याच्या उलट. सगळ्यात जास्त गुण त्याच ओळीला असतात, म्हणून हे जास्त लागतं.

नमुन्यासाठी हा प्रश्न घ्या.

संयुग A, रेणुसूत्र C₄H₈O₂.
आयआर: २९८०, १७४० (तीव्र), १२०० (तीव्र) सेमी⁻¹.
प्रोटॉन एनएमआर: δ १.१५, ट्रिप्लेट, ३ प्रोटॉन; δ २.३२, क्वार्टेट, २ प्रोटॉन, δ ३.६७, सिंग्लेट, ३ प्रोटॉन.
(अ) डीबीई काढा. (ब) आयआरवरून क्रियात्मक गट ओळखा. (क) एनएमआरमधल्या प्रत्येक सिग्नलचा अर्थ लावा. (ड) रचना लिहा आणि कारणं द्या.

निम्म्याहून जास्त वेळा उत्तर येतं CH₃COOCH₂CH₃. हे इथाइल ॲसिटेट आहे, आणि ते चूक आहे.

चूक नेमकी कुठे होते

इथाइल ॲसिटेटचा स्पेक्ट्रम बहुतेकांना पाठ असतो. तीन प्रोटॉनांचा सिंग्लेट, दोनांचा क्वार्टेट, तीनांचा ट्रिप्लेट. पेपरात हाच संच दिसला की हात आपोआप ओळखीचं नाव लिहून मोकळा होतो. पण मिथाइल प्रोपॅनोएटही हुबेहूब हाच संच देतं: तीनांचा सिंग्लेट, दोनांचा क्वार्टेट, तीनांचा ट्रिप्लेट. इंटिग्रेशन तेच, रेषांची संख्या तीच, कपलिंग कॉन्स्टंटही जवळजवळ तोच, ७ हर्ट्झच्या आसपास. रेणुसूत्र तेच. आयआरमध्ये दोघांचाही कार्बोनिल १७४० च्या आसपास. म्हणजे (अ), (ब) आणि (क) ची वरवरची उत्तरं दोन्ही संयुगांना सारखीच लागू पडतात. त्यामुळे विद्यार्थ्याला शेवटपर्यंत चूक झाल्याची शंकाही येत नाही.

याचं कारण स्प्लिटिंगच्या स्वभावात आहे. n + 1 नियम सांगतो की शेजारच्या कार्बनवर किती हायड्रोजन आहेत. CH₂ चा क्वार्टेट म्हणजे शेजारी CH₃, आणि CH₃ चा ट्रिप्लेट म्हणजे शेजारी CH₂. दोन्ही मिळून CH₃CH₂– हा तुकडा पक्का होतो. पण त्या CH₂ ची दुसरी बाजू कोणाला जोडली आहे, हे स्प्लिटिंग सांगू शकत नाही, कारण तिथे हायड्रोजन नाहीच. एस्टरमध्ये ऑक्सिजन आणि कार्बोनिल कार्बन यांच्यावर हायड्रोजन नसतो, त्यामुळे कपलिंगची साखळी तिथे तुटते. पलीकडचे प्रोटॉन पाच बंध लांब असतात आणि नेहमीच्या स्पेक्ट्रममध्ये त्यांचा परिणाम दिसत नाही. म्हणून स्पेक्ट्रम दोन बेटांसारखा वाचावा लागतो: एका बेटावर इथाइल, दुसऱ्यावर मिथाइल. बेटावर कोण राहतं ते स्प्लिटिंग सांगतं. पुलाचं कोणतं टोक कोणत्या बेटाला लागलंय, ते केमिकल शिफ्ट सांगते.

विद्यार्थी नेमकं इथेच थांबतात. δ चे आकडे वाचतात, उत्तरपत्रिकेत उतरवून काढतात, पण वापरत नाहीत.

एक प्रश्न विचारला की उलगडतं

एस्टरमध्ये सगळ्यात डाउनफील्ड, म्हणजे सगळ्यात मोठ्या δ चा सिग्नल कोणता आहे आणि त्याचं स्प्लिटिंग काय आहे, एवढंच पाहा. तो सिग्नल ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनवरच्या प्रोटॉनांचा असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, प्रोटॉनभोवतीचं इलेक्ट्रॉनांचं आवरण पातळ होतं, शील्डिंग कमी होतं आणि सिग्नल डावीकडे सरकतो. सॅच्युरेटेड एस्टरमध्ये –O–CH₃ साधारण ३.७ ला आणि –O–CH₂– साधारण ४.१ ला येतो. कार्बोनिललगतच्या कार्बनवरचे प्रोटॉनही थोडे डाउनफील्ड जातात, पण बरेच कमी: CO–CH₃ साधारण २.० ते २.१, CO–CH₂– साधारण २.३. दोन जागांमध्ये जवळपास दीड ते दोन पीपीएमचं अंतर आहे. एवढं मोठं अंतर असताना दशांशाचा दुसरा अंक पाठ असण्याची गरज नाही.

आता संयुग A कडे परत येऊ. सगळ्यात डाउनफील्ड सिग्नल ३.६७ चा, आणि तो सिंग्लेट आहे, तीन प्रोटॉनांचा. म्हणजे ऑक्सिजनवर मिथाइल आहे. क्वार्टेट २.३२ ला आहे, म्हणजे CH₂ कार्बोनिलला लागून आहे. रचना CH₃CH₂COOCH₃, मिथाइल प्रोपॅनोएट.

इथाइल ॲसिटेट असतं तर हेच तीन सिग्नल जागा बदलून आले असते: क्वार्टेट ४.१२ ला, सिंग्लेट २.०४ ला, ट्रिप्लेट १.२६ ला. सगळ्यात डाउनफील्ड क्वार्टेट, म्हणजे ऑक्सिजनवर इथाइल. ट्रिप्लेटच्या जागेत फरक फार लहान आहे, १.१५ आणि १.२६, त्यामुळे ट्रिप्लेटवरून निर्णय घेऊ नका. तो CH₃ ऑक्सिजनपासूनही लांब आहे आणि कार्बोनिलपासूनही लांब आहे, त्याला दोन्हींचा वारा फारसा लागत नाही.

एक बारकावा इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच परिसरात CH₃ पेक्षा CH₂ थोडा डाउनफील्ड असतो, आणि CH त्याहून पुढे. –O–CH₃ ३.६७, –O–CH₂– ४.१२, –O–CH< जवळजवळ ५. कार्बोनिलच्या बाजूलाही तीच चढण: २.०४, २.३२, २.५६. म्हणून «ऑक्सिजनजवळ म्हणजे ४.१» असं एकच मूल्य पाठ केलेला विद्यार्थी ३.६७ पाहून गोंधळतो. त्याला वाटतं, हे ४.१ नाही, मग ऑक्सिजनजवळचं नसावं. आकड्याबरोबर किती हायड्रोजन आहेत ते बघितलं की गोंधळ राहत नाही.

आयआर आधीच काय सांगून गेलेला असतो

बरेच जण (ब) मध्ये «१७४० वर पीक आहे म्हणून एस्टर» एवढंच लिहितात. हे कारण अपुरं आहे, आणि त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली, १७४० च्या आसपास एस्टर एकटा राहत नाही. सॅच्युरेटेड ॲल्डिहाइड १७२० ते १७४० मध्ये येतो. सायक्लोपेंटॅनोनसारखा पाच सदस्यांच्या रिंगमधला कीटोनही १७४५ च्या जवळ जातो, कारण रिंगच्या ताणामुळे कार्बोनिलची फ्रीक्वेन्सी वाढते. उलट, दुहेरी बंध किंवा बेंझिन रिंग शेजारी असली तर कॉन्जुगेशनमुळे ती २० ते ४० सेमी⁻¹ ने खाली येते. त्यामुळे १७४० बरोबर दुसरा पुरावा द्यावा लागतो: १०००–१३०० च्या पट्ट्यातला तीव्र C–O पीक. ॲल्डिहाइड वगळायला २७२० आणि २८२० च्या जवळची कमजोर जोडी नाही असं लिहा. आम्ल वगळायला २५०० ते ३३०० पर्यंत पसरलेला रुंद O–H नाही असं लिहा. जे दिसत नाही तेही पुरावा आहे, आणि तपासणारा त्याला गुण देतो.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. C–O च्या पीकची जागाच एस्टरच्या दिशेचा इशारा देते. ॲसिटेटमध्ये हा तीव्र पीक १२४० च्या आसपास येतो. इतर साध्या सॅच्युरेटेड एस्टरांमध्ये तो थोडा खाली, साधारण ११६५ ते १२१० मध्ये येतो. संयुग A मध्ये तो १२०० वर आहे, म्हणजे ॲसिटेटच्या विरुद्ध कौल. मात्र हा नुसता इशारा आहे. १३०० च्या खालच्या भागात बरेच पीक एकमेकांत मिसळतात, आणि पेपरात अनेकदा «१०५०–१२५०» असा ढोबळ पट्टाच दिलेला असतो. निर्णय एनएमआरवरच घ्या, आयआर त्याला दुजोरा देतोय का एवढं बघा.

आयआरमधला आणखी एक सापळा इथेच सांगतो. एस्टरच्या खऱ्या स्पेक्ट्रममध्ये ३४५०–३४७० च्या आसपास एक छोटा पीक अनेकदा दिसतो, आणि विद्यार्थी तो O–H म्हणून लिहितात. तो कार्बोनिलचा पहिला ओव्हरटोन असतो: १७४० ची दुप्पट ३४८०, आणि कंपन पूर्ण हार्मोनिक नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जरा कमी. अल्कोहोलचा O–H रुंद आणि ठळक असतो, ओव्हरटोन अरुंद आणि कमजोर. शंका असली तर रेणुसूत्राकडे बघा. दोन ऑक्सिजन कार्बोनिल आणि C–O मध्ये आधीच खर्च झाले असतील, तर O–H साठी तिसरा कुठून आणणार?

तोच संच, पण एस्टरच नाही

सिंग्लेट-क्वार्टेट-ट्रिप्लेटचा हा संच आणखी दोन साधी संयुगं देतात, आणि ती समोर ठेवली की केमिकल शिफ्टचं काम पूर्ण उमगतं.

ब्युटॅनोन, CH₃COCH₂CH₃: सिंग्लेट २.१४, क्वार्टेट २.४५, ट्रिप्लेट १.०६. इथे मिथाइल आणि CH₂ दोन्ही कार्बोनिललाच लागून आहेत, म्हणून दोन्ही सिग्नल दोन ते अडीचच्या दरम्यान. ३ च्या वर काहीच नाही. आयआर कार्बोनिल १७१५. रेणुसूत्रात ऑक्सिजन एकच.

इथाइल मिथाइल ईथर, CH₃OCH₂CH₃: मिथाइल आणि CH₂ दोन्ही ऑक्सिजनला लागून, म्हणून सिंग्लेट आणि क्वार्टेट दोन्ही ३.३ ते ३.५ मध्ये. आयआरमध्ये कार्बोनिल नाही, डीबीई शून्य.

म्हणजे संच एकच असताना सिंग्लेट आणि क्वार्टेट कुठे बसलेत त्यावर चार वेगळी उत्तरं निघतात. दोन्ही २ च्या जवळ असले तर कीटोन. दोन्ही ३.४ च्या जवळ असले तर ईथर. एक २ कडे आणि दुसरा ४ कडे असेल तर एस्टर, आणि ४ कडे कोण गेला त्यावर एस्टरची दिशा. माझ्या मते वर्गात स्प्लिटिंग शिकवताना ही चार संयुगं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली पाहिजेत, कारण एकटं इथाइल ॲसिटेट शिकवलं की मुलं संच पाठ करतात आणि δ कडे दुर्लक्ष करतात.

एक सावधगिरी: सिंग्लेट एकटा पाहून निर्णय करू नका. ॲसिटेटचा CH₃ २.०४ आणि ब्युटॅनोनचा CH₃ २.१४, यांत फरक इतका थोडा आहे की त्याच्यावर काही उभं करता येत नाही. त्याचा जोडीदार क्वार्टेट कुठे आहे ते पाहिल्यावरच गोष्ट पूर्ण होते.

(ड) चं उत्तर कसं लिहावं

संयुग A साठी असं लिहिलं तर पुरेसं आहे:

डीबीई = (२ × ४ + २ − ८) / २ = १. आयआरमध्ये १७४० ला कार्बोनिल आहे, म्हणजे हा एक डीबीई तिथे संपला; रिंग किंवा C=C नाही. रुंद O–H नाही म्हणून आम्ल नाही; १२०० ला तीव्र C–O आहे, म्हणून एस्टर. एनएमआरमध्ये १.१५ चा ट्रिप्लेट आणि २.३२ चा क्वार्टेट एकमेकांशी कपल होतात, म्हणून CH₃CH₂–. ३.६७ चा सिंग्लेट तीन प्रोटॉनांचा, शेजारी हायड्रोजन नाही, δ मूल्य O–CH₃ चं. CH₂ चं δ २.३२ हे कार्बोनिललगतचं. तो ऑक्सिजनला जोडलेला असता तर ४.१ च्या जवळ आला असता. म्हणून CH₃CH₂COOCH₃, इथाइल ॲसिटेट नाही.

शेवटचं अर्ध वाक्य अवश्य लिहा. नाकारलेल्या आयसोमरचं नाव घेऊन तो का नाकारला हे सांगितलं, की तपासणाऱ्याला दिसतं की तुम्ही दोन्ही शक्यता तोलल्या. शिवाय लिहिताना तुमची स्वतःची तपासणीही होते: नाकारलेल्या रचनेचा स्पेक्ट्रम मनात मांडून पाहिला आणि तो दिलेल्या आकड्यांशी जुळला, तर गाडी उलट्या दिशेने निघाली आहे हे तिथेच कळतं.

C₄H₈O₂ चे बाकीचे आयसोमर पटकन बाजूला होतात. ब्युटॅनॉइक आम्लाचा रुंद O–H आणि ११ च्या पुढचा एका प्रोटॉनाचा सिग्नल लपत नाही. फॉर्मेट एस्टरांत ८ च्या आसपास एका प्रोटॉनाचा सिग्नल असतो. १,४-डायऑक्झेन फक्त एक सिंग्लेट देतं, ३.७ ला, आठ प्रोटॉनांचा, आणि कार्बोनिल नाही.

प्रश्नात मास स्पेक्ट्रम दिला असेल तर दिशा पडताळायला तो फार सोयीचा. रेणुभार ८८. मिथाइल प्रोपॅनोएटमधून OCH₃, म्हणजे ३१, गेला की ५७ ला ठळक पीक मिळतो, C₂H₅CO⁺ चा. इथाइल ॲसिटेटमधून OC₂H₅, म्हणजे ४५, गेला की ४३ उरतो, CH₃CO⁺, आणि तोच बेस पीक असतो.

जुन्या पुस्तकांतले आकडे

ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांतून सराव करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. तिथे काही प्रश्नांत सिग्नल हर्ट्झमध्ये दिलेले असतात, ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावरचे. हर्ट्झला यंत्राच्या मेगाहर्ट्झने भागा: २२० हर्ट्झ म्हणजे ३.६७, १३९ म्हणजे २.३२, ६९ म्हणजे १.१५. काही ठिकाणी टाउ मापन असतं. त्यात टीएमएस १० ला धरतात आणि आकडा उलटा चालतो, म्हणून δ = १० − τ. टाउ ६.३३ म्हणजे δ ३.६७. हे न ओळखता वाचलं तर ६.३३ चा सिंग्लेट अल्कीनचा वाटतो आणि सगळंच भरकटतं.

मोठ्या रेणूत तीच चूक

सूत्र C₅H₁₀O₂ झालं की हीच अडचण दुसऱ्या वेषात येते. समजा स्पेक्ट्रममध्ये सहा प्रोटॉनांचा डब्लेट १.२ च्या आसपास, तीन प्रोटॉनांचा सिंग्लेट आणि एका प्रोटॉनाचा सेप्टेट आहे. डब्लेट आणि सेप्टेट मिळून आयसोप्रोपिल. पण हे आयसोप्रोपिल ॲसिटेट की मिथाइल आयसोब्युटिरेट? पुन्हा तोच प्रश्न विचारा. सगळ्यात डाउनफील्ड सेप्टेट, ५ च्या जवळ, आणि सिंग्लेट २.० ला असेल तर आयसोप्रोपिल ॲसिटेट. सिंग्लेट ३.६७ ला आणि सेप्टेट २.५६ ला असेल तर मिथाइल आयसोब्युटिरेट.

सेप्टेटबद्दल एक सूचना. त्याच्या सात रेषांची उंची १:६:१५:२०:१५:६:१ अशी असते. टोकाच्या रेषा मधल्या रेषेच्या विसाव्या भागाएवढ्या, म्हणजे छापील चार्टवर त्या बेसलाइनमध्ये हरवतात आणि सिग्नल पाच रेषांचा दिसतो. तो क्विंटेट समजून शेजारी चार हायड्रोजन शोधत बसू नका. इंटिग्रेशन एक प्रोटॉनाचं आहे आणि समोर सहा प्रोटॉनांचा डब्लेट आहे, एवढं पुरेसं आहे.

बेंझिन रिंग आली की मात्र आयआरचं वजन वाढतं. C₈H₈O₂, डीबीई पाच: चार रिंगचे, एक कार्बोनिलचा. पाच ॲरोमॅटिक प्रोटॉन आणि तीन प्रोटॉनांचा सिंग्लेट असेल तर मिथाइल बेंझोएट की फिनाइल ॲसिटेट? एनएमआरमध्ये सिंग्लेट ३.९ ला असेल तर मिथाइल बेंझोएट, २.३ ला असेल तर फिनाइल ॲसिटेट. आयआरही इथे स्पष्ट बोलतो. बेंझोएटमध्ये कार्बोनिल रिंगशी थेट कॉन्जुगेट होतो, म्हणून १७२५ च्या आसपास उतरतो. फिनाइल ॲसिटेटमध्ये ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन जोडी रिंगकडे ओढली जाते, कार्बोनिलला ती कमी मिळते, म्हणून त्याचा दुहेरी बंध अधिक घट्ट राहतो आणि पीक १७६५ च्या जवळ चढतो. ४० सेमी⁻¹ चा फरक कोणत्याही चार्टवर दिसतो. ॲरोमॅटिक भागातही खूण आहे: बेंझोएटमध्ये कार्बोनिलशेजारचे दोन ऑर्थो प्रोटॉन ८.० पर्यंत जातात, तर फिनाइल ॲसिटेटचे सगळे प्रोटॉन साधारण ७.० ते ७.४ मध्येच राहतात.

पण इथेही सिंग्लेट एकटा फसवू शकतो. पॅरा-ॲनिसॲल्डिहाइडचं सूत्रही C₈H₈O₂ आणि त्याचा OCH₃ सिंग्लेटही ३.८८ ला, मिथाइल बेंझोएटच्या अगदी शेजारी. वेगळेपण बाकीच्या सिग्नलांत आहे: ॲरोमॅटिक प्रोटॉन पाच नसून चार, दोन डब्लेटांच्या रूपात, आणि ९.९ ला ॲल्डिहाइडचा एक प्रोटॉन. म्हणून रिंग असलेल्या प्रश्नात आधी ॲरोमॅटिक प्रोटॉन मोजा, मग सिंग्लेटकडे वळा.

प्रयोगशाळेतला खरा चार्ट

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या संयुगाचा एनएमआर काढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कॉलम आणि एक्स्ट्रॅक्शनमध्ये इथाइल ॲसिटेट सर्रास वापरलं जातं, आणि नीट उडवून लावलं नाही तर ते नमुन्यात शिल्लक राहतं. CDCl₃ मध्ये काढलेल्या स्पेक्ट्रमवर मग ४.१२, २.०५ आणि १.२६ ला तीन अनोळखी सिग्नल दिसतात, आणि विद्यार्थी ते आपल्या रेणूत बसवायला बघतात. ते पाहुणे आहेत की घरचे, हे इंटिग्रेशन सांगतं. तुमच्या रेणूच्या एखाद्या खात्रीच्या सिग्नलला एक प्रोटॉन धरून बाकीचे मोजा. या तिघांचं आपसातलं प्रमाण २:३:३ असेल, पण तुमच्या रेणूच्या तुलनेत ते ०.३ किंवा ०.७ असं अपूर्णांकात येत असेल, तर तो सॉल्व्हंट आहे. नमुना पुन्हा व्हॅक्यूमवर ठेवा. तरी हटत नसेल तर थोड्या CDCl₃ मध्ये विरघळवून रोटरी इव्हॅपोरेटरवर उडवा आणि हे दोन-तीनदा करून मग परत चार्ट काढा. सिग्नल लहान झाले तर शंका मिटली. ते तेवढेच राहिले आणि प्रमाण पूर्णांकात आलं, तर तुमच्या रेणूत खरोखरच इथाइल आणि ॲसिटिल गट असण्याची शक्यता तपासा, आणि सुरुवात आयआरमधल्या १७४० आणि १२४० पासून करा.